चाकणला निघालास? मग पहिला पगार हातात पडेपर्यंतचं हे वाचून घे

बारक्या, फोनवर सांगितलेलं तू अर्धंच ऐकतोस आणि उरलेलं अर्धं "हो हो ताई" म्हणत रील बघत ऐकतोस हे मला माहितीय, म्हणून यावेळी लिहूनच पाठवते. वाळूजच्या कंपनीत पेरोलला बसून दर जूनला मी हेच बघते. आपल्याकडची पोरं डिप्लोमा नाहीतर आयटीआय करून येतात, पहिला पगार झाला की तोंड एवढंसं करून माझ्या टेबलाशी उभी राहतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "मॅडम, पैसे कमी आलेत." ९० टक्के वेळा पैसे कमी आलेले नसतात, पोराने ऑफर लेटर नीट वाचलेलं नसतं. आपल्या घरातलं पोरगं तरी असं कुणाच्या टेबलाशी जाऊन उभं राहायला नको. जिंतूर, परभणी, हिंगोलीकडचे तुझे जे दोस्त यंदा निघालेत त्यांनाही हे फॉरवर्ड कर, फक्त वरचं रीलचं वाक्य काढून टाक.

आधी ते ऑफर लेटर परत उघड

तुझ्या लेटरवर सीटीसी ३,२४,००० लिहिलंय. आबांनी त्याला बाराने भागलं आणि पारावर सगळ्यांना सांगून आले की बारक्याला महिन्याला २७ हजार. आता गावात कुणी विचारलं तर मान डोलव, भांडत बसू नको. पण तुझ्या स्वतःच्या डोक्यात हा आकडा ठेवू नको, कारण सीटीसी म्हणजे तुझा पगार नव्हे, तुला ठेवायला कंपनीला वर्षाला येणारा सगळा खर्च.

लेटरच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आहे, जो तू बघितलाच नाहीस. तू फोटो पाठवलास तेव्हा मी बघितला. त्यात महिन्याला बेसिक १५,०००, एचआरए ६,००० आणि स्पेशल अलाउन्स १,५०० आहे, म्हणजे २२,५००. याला ग्रॉस म्हणतात आणि तुझा खरा हिशोब इथून सुरू होतो. मग २७ मधले बाकीचे साडेचार हजार गेले कुठं? त्यातले १,५०० म्हणजे व्हेरिएबल, ते वर्षाच्या शेवटी कंपनीचं आणि तुझं काम बघून मिळतात, पूर्ण मिळतील असंही नाही. १,८०० म्हणजे कंपनी तुझ्या पीएफमध्ये स्वतःच्या वाट्याचे भरते ते, बेसिकच्या १२ टक्के. सातशे-एकवीस ग्रॅच्युइटीचे, बेसिकच्या ४.८१ टक्के, आणि ती कायम कामगाराला सलग पाच वर्षं काढल्यावर मिळते, तेव्हा आत्ता तिचं नाव विसर. उरलेले ४७९ मेडिक्लेमच्या हप्त्याचे. यात फसवणूक काही नाही, सगळ्याच कंपन्या असंच मांडतात, फक्त आकडा मोठा दिसावा म्हणून सगळं एका बेरजेत घालतात.

आता २२,५०० मधनं तुझ्याकडचं काय कापलं जाईल ते बघ. तुझ्या वाट्याचा पीएफ १,८००. प्रोफेशनल टॅक्स २००, आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० होतात, फेब्रुवारीत उगीच एचआरला फोन लावू नको. (हा टॅक्स बायकांना २५ हजार पगारापर्यंत माफ आहे, २०२३ च्या एप्रिलपासून. तुझ्याएवढ्या पगारात तुझे कापतील आणि मुलीचे नाही, रुसायचं असेल तर रुसून घे.) कँटीनचे ६००. इन्कम टॅक्स या पगाराला लागत नाही. म्हणजे पूर्ण महिना भरला तर खात्यात १९,९००. सत्तावीस नाही, वीसला शंभर कमी. हा आकडा आत्ताच पचवून टाक, मग ७ तारखेला तोंड उतरणार नाही.

आणखी एक बघायचं म्हणजे लेटरवर वर कुणाचं नाव आहे. चाकणमध्ये लई पोरं गेटवर एका मोठ्या कंपनीत जातात आणि पगार दुसऱ्याच कॉन्ट्रॅक्टरकडून घेतात. तुझं थेट कंपनीचं आहे, चांगलंय. पण तुझ्या दोस्ताचं कॉन्ट्रॅक्टरचं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त त्याला सांग की पीएफ खरंच भरला जातोय का हे स्वतः बघत राहायचं, ते कसं बघायचं ते खाली सांगते. आणि "जॉइनिंगच्या आधी एवढे भरा, मग लावतो" असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. नोकरीसाठी पैसे मागितले की तिथंच उठायचं.

निघायच्या आधी नावं जुळव

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडं दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. पॅन काढताना सायबर कॅफेवाल्याने आबांचं नाव इंग्रजीत स्वतःच्या मनाने लिहिलेलं. उलटसुलट क्रम सहसा चालून जातो, पण स्पेलिंग आणि जन्मतारीख चालून जात नाही, कारण पीएफचं खातं आधारवरच्या माहितीने उघडतं आणि पुढं कधी पैसे काढायचे झाले की पॅन, बँक, आधार सगळं एकमेकांशी ताडून बघतात.

जन्मतारखेचं तर काय सांगू, आपल्या गावात आबांच्या वयाचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. तुझ्या पिढीत हे कमी झालंय, पण तरी आधार, पॅन, दहावीची सनद आणि बँकेचं पासबुक एका ओळीत मांड आणि तारीख, नावातलं एकेक अक्षर बोट ठेवून बघ. फरक असेल तर जिंतूरला आधार केंद्रावर जाऊन आत्ताच दुरुस्त करून घे. एकदा शिफ्ट सुरू झाली की सुट्टी मिळत नाही, आणि मिळाली तर पगार कापून मिळते.

बँकेचं पण बघ. शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं तुझं खातं, त्यात दोन वर्षं काही व्यवहार नसेल तर बँकेने ते बंद असल्यासारखं ठेवलेलं असू शकतं. शाखेत जाऊन केवायसी कर, शंभर रुपये भर-काढ, चालू आहे याची खात्री कर. कंपनी बहुतेक स्वतःच्या बँकेत नवं सॅलरी अकाउंट काढून देईल, पण ते जॉइन झाल्यावर उघडतं आणि कधीकधी पगाराची यादी गेल्यावर उघडतं, मग पोरांचा पगार एक महिना लटकतो. म्हणून एक चालू खातं खिशात असू दे आणि एचआरला विचार, "नवं अकाउंट उघडेपर्यंत याच्यावर टाकता का?"

सत्तावीस दिवसांचे पैसे

तू ११ जूनला जॉइन होणार. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत होतो, म्हणजे ७ जुलै. मधले सत्तावीस दिवस तू बिनपगारी आहेस, आणि हेच दिवस आपल्याकडं पेरणीचे. सोयाबीनचं बियाणं, खताच्या बॅगा, ट्रॅक्टरचं भाडं, आबांच्या हातात त्या वेळी एक रुपया नसतो आणि तरी तू मागितलेस की ते कुणाकडून तरी उसने आणून पाठवतील आणि तुला सांगणार नाहीत. म्हणून आत्ताच बसून मोजू.

सहाआसनी खोलीत कॉट बेसिसवर राहणार आहेस ना तुझ्या सिनियरबरोबर, तर कॉटचे ३,५०० आणि तेवढंच डिपॉझिट, हे पहिल्याच दिवशी. डबेवाली मावशी महिन्याचे आगाऊ घेते, ३,२०० धर. गादी, बादली, कुलूप, साबण असलं किरकोळ आणि बसभाडं मिळून दोन हजार. बारा हजार दोनशे झाले. वर तीन हजार अडीअडचणीला. मी दहा पाठवते, पाच तुझ्या स्वतःच्या खात्यात आहेत असं तूच म्हणालास, माय जे पदराच्या गाठीतून काढून देईल ते घे पण खर्च करू नको, दिवाळीला तिलाच परत दे. डिपॉझिट देताना व्हॉट्सॲपवर खोलीमालकाला एक मेसेज टाकून ठेव, "आज ३,५०० डिपॉझिट दिले, खोली सोडताना परत," आणि त्याचा "ओके" येऊ दे. पैसे गूगल पेनेच दे. तोंडी डिपॉझिट परत मिळाल्याचं मी तरी फार ऐकलेलं नाही.

जाता जाता, ट्रॅव्हल्स नगरकडून येते तेव्हा पहाटे शिक्रापूरला उतर, तिथून चाकणला सरळ रस्ता आहे. झोपून राहिलास तर पुण्यात पोचशील आणि मग सामान घेऊन अर्धं शहर पालथं घालशील. ड्रायव्हरला रात्रीच सांगून ठेव आणि अलार्म लाव, तुझ्या झोपेवर माझा विश्वास नाही.

जॉइनिंगचा दिवस: सही करायच्या आधी

त्या दिवशी वीस-पंचवीस कागद पुढं येतील आणि एचआरवाला "इथं, इथं आणि इथं" म्हणत बोट ठेवत जाईल. पाठीमागं लाइन असते, तरी तू तीन ठिकाणी थांब.

एक, ओरिजिनल सर्टिफिकेट. दाखवायचे, त्यांनी ताडून बघितले की परत पिशवीत. झेरॉक्सवर "फक्त नोकरीच्या पडताळणीसाठी" असं लिहून सही कर आणि दे. "ओरिजिनल आमच्याकडं राहू दे, सोडताना नेशील" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे म्हण, "सर, पुढच्या ॲडमिशनला लागतात, घरी आहेत." खोटं बोलायला मी शिकवतेय असं माय म्हणेल, म्हणू दे.

दोन, पीएफचा फॉर्म. त्यात विचारतात की आधी कुठं पीएफ होता का. तू गेल्या वर्षी कुठल्या कॉन्ट्रॅक्टरकडं दोन महिने केलंस ना, तिथं तुझा यूएएन काढला असेल तर तोच बारा आकडी नंबर इथं द्यायचा. हा नंबर आयुष्यभर एकच असतो, नोकऱ्या बदलल्या तरी. पोरं "आठवत नाही" म्हणून "नाही" वर टिक करतात, मग दोन नंबर होतात आणि ते जोडता जोडता नाकी नऊ येतात. नसेलच काढलेला तर आता उमंग ॲपवर चेहरा स्कॅन करून स्वतःच काढायचा असतो. त्याला आधारचं फेस आरडी ॲप मोबाइलमध्ये लागतं आणि आधारला मोबाइल नंबर जोडलेला लागतो. उजेडात उभं राहा, टोपी काढ, आणि हे गावी असतानाच करून घे, चाकणच्या खोलीत सहा जण आणि एक ट्यूबलाइट असते.

तीन, नॉमिनी. पीएफला माय आणि आबांचं नाव टाक, पन्नास-पन्नास टक्के. उद्या लग्न झालं की हे नॉमिनेशन आपोआप बाद होतं आणि नव्याने करावं लागतं. हे मी आत्ताच सांगून ठेवते कारण तुझ्या लग्नात मला नाचायचंय, फॉर्म भरायचे नाहीत.

आणि निघताना दोन प्रश्न विचार, चिठ्ठीवर लिहून ने हवं तर. "हजेरीची कट-ऑफ तारीख कुठली?" आणि "प्रोबेशनमध्ये सुट्ट्या आहेत का?" कट-ऑफ म्हणजे हजेरी कुठल्या तारखेपर्यंतची धरतात. काही ठिकाणी महिनाअखेर, काही ठिकाणी २० किंवा २५. तुझ्याकडं २० असेल तर ७ जुलैला फक्त ११ ते २० जूनचे दहा दिवसांचे पैसे येतील आणि उरलेले पुढच्या पगारात. बुडत नाहीत, पण तुझं डब्याचं गणित बिघडतं, म्हणून आधी माहिती पाहिजे.

सुट्टीचं असं की प्रोबेशनमध्ये बऱ्याच ठिकाणी पगारी सुट्टी नसते, एक दिवस घरी बसलास की तुझे २२,५०० भागिले ३०, म्हणजे ७५० गेले. महालक्ष्म्यांना यायचं म्हणून तू शनिवार आणि सोमवार टाकशील, तर काही कंपन्या मधला रविवार पण कापतात, त्याला सगळे सँडविच म्हणतात. दोन दिवसांसाठी २,२५० आणि वर जाण्यायेण्याचं भाडं. यायला माझी ना नाही, पुरणपोळी आहेच, पण आधी विचारून घे.

सात तारीख

बँकेचा मेसेज आला की आधी आकडा बघून शिव्या घालू नको, स्लिप डाउनलोड कर. पासवर्ड बहुतेक पॅन नंबर नाहीतर जन्मतारीख असतो. स्लिपवर सगळ्यात आधी "पेड डेज" शोध. कट-ऑफ महिनाअखेर धरली तर ११ ते ३० जून म्हणजे वीस दिवस यायला पाहिजेत. मग असं दिसेल.

बेसिक १५,००० चे तीस भाग करून वीस, म्हणजे १०,०००. एचआरए ४,०००. स्पेशल १,०००. ग्रॉस १५,०००. त्यातून पीएफ १० हजाराचे १२ टक्के, १,२००. प्रोफेशनल टॅक्स २०० पूर्णच जातो, दिवस कमी भरले म्हणून तो कमी होत नाही. कँटीन ४००. हातात १३,२००.

काही कंपन्या तीसच्या ऐवजी २६ ने भागतात, पण मग रविवार मोजत नाहीत. तुझे तीन रविवार सोडून सतरा दिवस, तर ग्रॉस १४,७०० च्या आसपास येईल. एवढ्या फरकावर भांडू नको, ती पद्धत आहे. पण पेड डेज सतराच आणि भागाकार मात्र ३० ने, असं दिसलं तर ती चूक आहे आणि तुझे दोन हजारावर पैसे अडकलेत.

जास्त चुका पहिल्या आठवड्याच्या हजेरीत होतात. पंचिंगचं कार्ड दोन-तीन दिवसांनी मिळतं, तोपर्यंत गेटवरच्या रजिस्टरला सही असते, आणि ते रजिस्टर पेरोलला पोचतच नाही. म्हणून कार्ड मिळेपर्यंत रोज त्या पानाचा फोटो काढ, तारीख दिसेल असा. दिवस कमी दिसले तर सुपरवायझरच्या मागं फिरू नको, एचआरला मेल टाक, आवाज न चढवता, एवढंच: "माझे जून महिन्याचे पेड डेज १७ दिसत आहेत. ११, १२ आणि १३ जूनला मी हजर होतो, रजिस्टरचे फोटो जोडले आहेत. कृपया फरक पुढच्या पगारात द्यावा." खाली तुझा एम्प्लॉयी नंबर. आम्हा पेरोलवाल्यांना असा मेल आला की पाच मिनिटांत काम होतं, आणि "सर मेरा पैसा कम आया है प्लीज चेक" असा आला की तो दुपारच्या जेवणानंतरवर जातो, खरं सांगते.

आणि पासबुक

कंपनीला जूनचा पीएफ १५ जुलैपर्यंत भरायचा असतो, त्यानंतर चार-आठ दिवसांनी पासबुक बघ, उमंगवरच दिसतं. तुझ्या वाट्याचे १,२०० दिसतील. कंपनीच्या रकान्यात मात्र ३६७ दिसतील आणि तू मला रात्री अकराला फोन करशील की ताई, कंपनीने माझे पैसे खाल्ले. खाल्ले नाहीत. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, ते ८३३ शेजारच्या रकान्यात आहेत. बेरीज कर, १,२०० होते. पुढच्या महिन्यापासून तेच ५५० आणि १,२५० असे दिसतील.

पण महिना उलटून गेला, स्लिपवर पीएफ कापलेला आहे आणि पासबुक रिकामं, असं झालं तर मात्र रात्री अकराला फोन केलास तरी चालेल. आधी एचआरला लेखी विचारायचं, पंधरा दिवसांत नाही हललं तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार करता येते, स्लिपची पीडीएफ जोडून. म्हणून प्रत्येक महिन्याची स्लिप स्वतःच्या मेलवर पाठवून ठेव, कंपनीचं लॉगिन सोडल्यावर बंद होतं.

एवढं वाचलंस का खरंच? वाचलं असशील तर आधार, पॅन, सनद आणि पासबुक एका चादरीवर मांडून फोटो पाठव, आज संध्याकाळपर्यंत. स्पेलिंग मी बघते.